मोठे रेकॉर्डिंग वाक्य न तोडता भागांत कसे पाठवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील नौपाड्यात ज्येष्ठ नागरिकांच्या एका कट्ट्यावर दरमहा व्याख्यान होते. त्याचे रेकॉर्डिंग गटावर टाकण्याचे काम माझ्याकडे आहे. या कामासंबंधी मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणासाठी एकच व्याख्यान घेतले आहे. विषय ठाण्याचा जुना इतिहास, लांबी १ तास २६ मिनिटे ४० सेकंद, म्हणजे ५,२०० सेकंद, आणि फाईल एमपीथ्री, १२८ केबीपीएसची.

मेसेजिंग ॲपची मर्यादा नेमकी किती असते?

ती ॲपवर अवलंबून असते आणि एकाच ॲपमध्ये फाईल कोणत्या वाटेने जोडली यावरही अवलंबून असते. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून जाणाऱ्या फाईलसाठी १६ एमबी ही दीर्घकाळ चालत आलेली मर्यादा आहे. तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून जोडल्यास २०२२ पासून २ जीबीपर्यंत मुभा आहे. टेलिग्रामच्या मोफत खात्यावर एका फाईलची मर्यादा २ जीबी आहे. ईमेलने पाठवायचे असेल तर जीमेलची जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे.

मग डॉक्युमेंट म्हणून अख्खी फाईल पाठवून मोकळे का होऊ नये?

ऐकणारे तरुण असतील, त्यांच्या फोनमध्ये जागा असेल आणि त्यांना फाईल उघडता येत असेल, तर खुशाल तसे करावे. त्यात काहीच गैर नाही. आमच्या कट्ट्यावरील अनेकांचे फोन मात्र जुने आहेत. ऐंशी-पंचाऐंशी एमबीची फाईल उतरवताना मध्येच थांबली, तर ती पुन्हा सुरू करणे त्यांना जमत नाही. शिवाय दीड तासाची एकच फाईल अर्ध्यावर सोडली, तर दुसऱ्या दिवशी कुठपर्यंत ऐकले होते ते सापडत नाही. अर्ध्या तासाचे तीन भाग केले की “पहिला झाला, दुसरा उद्या” असे त्यांचे त्यांना ठरवता येते. म्हणून येथे मी १६ एमबीची मर्यादा धरूनच पुढे जातो. मर्यादा वेगळी असेल तेथे फक्त आकडा बदलावा. रीत तीच राहते.

भाग किती मिनिटांचा बसेल, हे आधी कसे कळते?

ज्या फाईलचा बिटरेट स्थिर आहे, तिचा आकार निव्वळ गुणाकाराने काढता येतो. १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिट. आठने भागले की सेकंदाला १६,००० बाइट होतात. आमच्या ५,२०० सेकंदांच्या व्याख्यानाचे त्यामुळे ८ कोटी ३२ लाख बाइट, म्हणजे ८३.२ एमबी झाले.

मर्यादेच्या अगदी काठापर्यंत जाऊ नये. काही ठिकाणी १६ एमबी म्हणजे १,६०,००,००० बाइट धरतात, तर काही ठिकाणी १,६७,७७,२१६. फाईलच्या सुरुवातीला शीर्षक वगैरे माहितीचेही थोडे बाइट जातात. म्हणून मी प्रत्येक भागासाठी १,५०,००,००० बाइटची कमाल मर्यादा पाळतो. सेकंदाला १६,००० बाइट खर्च होत असतील, तर या मर्यादेत ९३७ सेकंद, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटे बसतात आणि व्याख्यानाचे सहा भाग होतात.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही स्वरूपात असेल, तर हा हिशेब मांडण्यातही अर्थ नसतो. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाईल सेकंदाला १,७६,४०० बाइट खाते, त्यामुळे १५ एमबीमध्ये दीड मिनिटसुद्धा बसत नाही. ती आधी आवळून घ्यावीच लागते.

सहा भाग जास्त वाटतात. कमी करता येतील का?

येतील, आणि बहुतेक वेळा करावेतही, कारण जितके काप कमी तितका वाक्य तुटण्याचा धोका कमी. एका माणसाच्या बोलण्याला स्टिरिओची गरज नसते. फोनवर ऐकायच्या भाषणाला मोनो आणि ६४ केबीपीएस पुरेसे आहे. गाणे, तबला किंवा सतार असेल तर हे लागू नाही. तेथे इतका कमी बिटरेट कानाला लगेच खटकतो.

हे काम `ffmpeg` या मोफत साधनाने होते. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते.

```
ffmpeg -i vyakhyan.mp3 -vn -ac 1 -c:a libmp3lame -b:a 64k lahan.mp3
```

यातील `-ac 1` मुळे आवाज मोनो होतो, `-b:a 64k` मुळे बिटरेट ठरतो आणि `-vn` मुळे फाईलला चिकटलेले मुखपृष्ठाचे चित्र असल्यास ते गळून पडते. ते चित्र राहिले तर पुढे काप घेताना विनाकारण अडचण होते. आता सेकंदाला ८,००० बाइट लागतात. पूर्ण व्याख्यान ४१.६ एमबीचे झाले आणि १५ एमबीमध्ये १,८७५ सेकंद, म्हणजे ३१ मिनिटे १५ सेकंद बसू लागली. सहाऐवजी तीन भागांत काम भागते.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की आवळण्याचे हे काम एकदाच आणि मूळ फाईलवरूनच करावे. आधीच आवळलेली फाईल पुन्हा पुन्हा आवळली की स, श, च यांसारखे उच्चार पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येऊ लागतात.

दर ३१ मिनिटांनी काप घेतला की झाले, असे का नाही?

कारण ३१ मिनिटे १५ सेकंदांच्या त्या क्षणी वक्ता वाक्याच्या मध्यावर असण्याचीच शक्यता फार मोठी असते, आणि तेथे एक सेकंदही पुढे सरकायला जागा उरलेली नसते. प्रत्येक भाग काठोकाठ भरण्याचा आग्रह हेच या कामातील बहुतेक तुटक्या वाक्यांचे मूळ आहे.

त्याऐवजी भागांची संख्या आधी ठरवावी आणि भाग साधारण सारखे करावेत. ५,२०० भागिले ३ म्हणजे प्रत्येकी सुमारे १,७३३ सेकंद. कमाल १,८७५ असल्यामुळे प्रत्येक भागात दोन मिनिटांहून अधिक सैल जागा मिळते. प्रत्यक्षात पहिल्या कापाला त्याहून जास्त मोकळीक असते. दुसरा आणि तिसरा भाग मिळून जास्तीत जास्त ३,७५० सेकंद सामावू शकतात, म्हणून पहिला काप १,४५० व्या सेकंदाच्या आधी येऊन चालत नाही, आणि पहिला भाग स्वतः १,८७५ च्या पुढे जाऊ शकत नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये, म्हणजे सात मिनिटांच्या पट्ट्यात, कुठेही काप चालतो. सात मिनिटे बोलताना वक्ता एखादा मुद्दा संपवतोच. भागाकारात तीन भाग अगदीच काठावर बसत असतील, तर हट्ट सोडून चार करावेत.

वाक्य कुठे संपते हे संगणकाला कसे कळणार?

वाक्य कळत नाही, शांतता कळते. `ffmpeg` मधील `silencedetect` हे फिल्टर आवाज ठरावीक पातळीच्या खाली ठरावीक काळ राहिला की त्याची वेळ लिहून ठेवते.

```
ffmpeg -i lahan.mp3 -af "highpass=f=150,silencedetect=noise=-35dB:d=0.7" -f null - 2> shantata.txt
```

येथे ०.७ सेकंद किंवा त्याहून जास्त काळ आवाज −३५ डेसिबलच्या खाली राहिला, तर त्याला शांतता मानले जाईल. या आज्ञेने कोणतीही नवी ध्वनिफाईल तयार होत नाही, फक्त नोंदी `shantata.txt` मध्ये जमा होतात. दीड तासाच्या व्याख्यानात अशा शेकडो नोंदी निघतात, परंतु आपल्याला फक्त आपल्या पट्ट्यातील नोंदी पाहायच्या असतात. आमच्या फाईलमध्ये २८ व्या मिनिटानंतर मिळालेल्या तीन नोंदी, ओळीच्या सुरुवातीचा मजकूर वगळून, अशा होत्या:

```
silence_end: 1699.87 | silence_duration: 2.45
silence_end: 1721.9 | silence_duration: 0.85
silence_end: 1749.61 | silence_duration: 1.45
```

मग सर्वांत लांब शांतता निवडावी, बरोबर ना?

नाही, आणि या संपूर्ण विषयात सावध राहण्याची जागा कोणती असेल तर ती हीच. वरची पहिली नोंद पाहा. जवळजवळ अडीच सेकंदांची शांतता आहे, त्यामुळे काप घेणारा कोणताही कार्यक्रम डोळे झाकून तीच निवडेल. प्रत्यक्षात तेथे वक्ते म्हणत होते, “१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या त्या गाडीला इंजिने होती तीन…” आणि येथे ते थांबले. सभागृह कान टवकारून ऐकू लागले, आणि मग त्यांनी नावे सांगितली, “साहेब, सिंध आणि सुलतान.” काप तेथे पडला असता तर पहिला भाग “तीन” वर संपला असता आणि दुसऱ्या दिवशी दुसरा भाग ऐकणाऱ्याला तीन नावे कशाची आहेत, हेच कळले नसते.

कसलेला वक्ता सर्वांत लांब थांबतो तो वाक्य संपल्यावर नव्हे, तर श्रोत्यांची उत्सुकता ताणण्यासाठी, हशा ओसरेपर्यंत, किंवा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहताना. दुसऱ्या नोंदीतील ०.८५ सेकंदांची शांतता “माझं म्हणणं असं आहे, की” यातील “की” नंतरची होती. मराठी बोलताना “की”, “म्हणजे”, “आणि”, “तर” यांच्यानंतर थबकण्याची आपल्याला सवय असते, आणि हे शब्द वाक्याच्या ऐन मध्यावर येतात. तिसरी, दीड सेकंदाची शांतता रेल्वेचा मुद्दा संपवून तळ्यांकडे वळण्यापूर्वीची होती. काप तेथेच योग्य होता.

म्हणून यंत्राची यादी ही उमेदवारांची यादी समजावी आणि निवड कानाने करावी. प्रत्येक उमेदवाराच्या आधीचे व नंतरचे दहा सेकंद ऐकले की पुरते.

```
ffplay -nodisp -autoexit -ss 1739 -t 20 lahan.mp3
```

कान कशावर ठेवावा, तर थांबण्यापूर्वीचा शब्द क्रियापद आहे का यावर. मराठीत वाक्य बहुधा क्रियापदावर संपते. “आहे”, “होतं”, “केलं”, “गेले” ऐकू आले आणि आवाजाची पट्टी खाली उतरली, तर वाक्य संपले असे मानायला हरकत नाही. पट्टी वर चढलेली असेल, तर क्रियापद आले तरी पुढे काही जोडले जाणार आहे. “ते तिथे गेले,” असे चढ्या सुरात म्हटले, की मागोमाग “पण” येतोच.

शांततेच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर कापावे?

मध्याच्या थोडे पुढे, म्हणजे पुढील शब्दाच्या साधारण ०.४ सेकंद आधी. याचे कारण असे की वाक्याच्या शेवटी येणारा “आहे” आपण अर्धवट गिळतो. तो इतका हलका पडतो की फिल्टर त्यालाच शांतता समजून बसते आणि शांततेची सुरुवात प्रत्यक्षापेक्षा आधी नोंदवते. त्या सुरुवातीवर काप घेतला तर “आहे” दुसऱ्या भागाच्या तोंडाशी जातो. अगदी शेवटच्या टोकावर काप घेतला, तर पुढच्या शब्दापूर्वीचा श्वास किंवा पहिल्या अक्षराची धार पहिल्या भागात राहते.

आमची शांतता १,७४८.१६ ला सुरू होऊन १,७४९.६१ ला संपत होती. काप १,७४९.२ ला घेतला. दुसऱ्या कापासाठी उरलेल्या वेळेचा मध्य काढला, तो ३,४७४ च्या आसपास आला. जवळच ३,४६६.३ ते ३,४६८.१२ अशी शांतता होती. ऐकून पाहिल्यावर ती परिच्छेद संपल्याची निघाली, म्हणून ३,४६७.७ हा बिंदू धरला.

प्रत्यक्ष काप कसा घ्यायचा? आवाजाचा दर्जा आणखी उतरेल का?

उतरणार नाही, फक्त `-c copy` विसरू नये. त्यामुळे आवाज पुन्हा आवळला जात नाही, आहे तो मजकूर जसाच्या तसा वेगवेगळ्या फाईलींत लिहिला जातो आणि काम काही सेकंदांत संपते.

```
ffmpeg -i lahan.mp3 -c copy -f segment -segment_times 1749.2,3467.7 -segment_start_number 1 bhag-%d.mp3
```

एमपीथ्रीमध्ये आवाज छोट्या चौकटींत साठवलेला असतो. ४४.१ किलोहर्ट्‌झच्या फाईलमध्ये एक चौकट १,१५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. काप नेहमी चौकटीच्या हद्दीवरच पडतो, त्यामुळे आपण सांगितलेल्या वेळेपेक्षा तो काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतो. शिवाय एमपीथ्रीची एक चौकट आधीच्या चौकटीत उरलेली जागा वापरू शकते, म्हणून नव्या भागाची पहिली चौकट कधीकधी नीट उलगडत नाही. शब्दाच्या मध्यावर काप घेतला असेल तर त्या ठिकाणी “टक्” असे ऐकू येते. काप शांततेत असेल, तर बिघडायला तेथे काही नसतेच.

तीन भाग १,७४९.२, १,७१८.५ आणि १,७३२.३ सेकंदांचे झाले. आठ हजारांनी गुणल्यावर १३.९९, १३.७५ आणि १३.८६ एमबी येतात. तिन्ही भाग १५ च्या आत आहेत.

फाईल एमफोरए असेल, तर याच आज्ञेत `-reset_timestamps 1` जोडावे आणि नावाच्या शेवटी `.m4a` लिहावे. ते नसेल तर दुसरा भाग काही प्लेयरमध्ये २९ व्या मिनिटापासून सुरू झाल्यासारखा दिसतो.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एकही शांतता सापडली नाही. फाईल बिघडली आहे का?

फाईल ठीक असते. वक्ता थांबला तरी खोली गप्प बसत नाही, इतकेच. पंखा, एसी, खिडकीबाहेरची रहदारी आणि नौपाड्यासारख्या ठिकाणी अधूनमधून ऐकू येणारी लोकल या सर्वांचा आवाज त्या विरामात भरलेला असतो. काही फोन तर वक्ता थांबला की आवाज आपोआप वाढवतात, त्यामुळे विरामात पंखा जास्तच मोठा ऐकू येतो.

उपाय मोजमापाचा आहे. वक्ता नक्की थांबला आहे अशी एखादी जागा कानाने शोधावी आणि तेवढ्याच तुकड्याची पातळी मोजावी. समजा ती जागा ६१२ व्या सेकंदाला आहे:

```
ffmpeg -ss 612 -t 1 -i lahan.mp3 -af "highpass=f=150,volumedetect" -f null -
```

उत्तरात `mean_volume` आणि `max_volume` असे दोन आकडे येतात. येथे बहुतेक जण सरासरीचा आकडा उचलतात आणि फसतात. `silencedetect` प्रत्येक नमुना तपासते. त्या ०.७ सेकंदांत एक जरी नमुना पातळीच्या वर गेला, तरी शांतता मोडली असे ते धरते. म्हणून उपयोगाचा आकडा `max_volume` चा. आमच्या फाईलमध्ये तो −३९ च्या आसपास आला, म्हणून पातळी चार डेसिबल वर, −३५ ठेवली. तुमच्याकडे तो −२८ आला तर −२४ ठेवून पाहावे.

`highpass=f=150` चे काम असे की १५० हर्ट्‌झच्या खालची घरघर मोजणीपुरती दबते. विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण, पंखा आणि दूरच्या गाडीचा घुमारा बराचसा याच भागात असतो. हे फिल्टर फक्त शोधाच्या आज्ञेत आहे, कापाच्या आज्ञेत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात काही बदल होत नाही.

पातळी फार वर नेली की उलटा दोष दिसतो. नोंदी भरमसाट वाढतात, कारण हळू उच्चारलेले शब्दही शांततेत मोजले जाऊ लागतात. विरामांची यादी ऐकताना त्यांत कुजबुज किंवा शब्दांची शेपटे ऐकू आली, तर पातळी दोन-तीन डेसिबल खाली आणावी.

आमच्या घोडबंदर रोडवरील सोसायटीच्या वार्षिक सभेचे रेकॉर्डिंग आहे. त्यात सगळे एकाच वेळी बोलत आहेत. तेथे काय करावे?

पार्किंगच्या विषयावर विराम मिळणार नाही, हे गृहीत धरावे. अशा ठिकाणी आधी विषयपत्रिकेचा आधार घ्यावा. सचिव पुढचा विषय वाचायला घेतात, तेव्हा क्षणभर तरी एकच आवाज असतो. तो आपल्या पट्ट्यात येत असेल, तर शांतता नसली तरी काप तेथेच घ्यावा.

तेही नसेल तर भाग एकमेकांवर थोडे चढवावेत. पहिला भाग १,७५० सेकंदांवर संपवला असेल, तर दुसरा १,७४० पासून सुरू करावा. मग कोणाचेही तुटलेले वाक्य दुसऱ्या भागात पुन्हा पूर्ण ऐकू येते.

```
ffmpeg -ss 1740 -to 3480 -i sabha.mp3 -c copy bhag-2.mp3
```

ही पुनरुक्ती असल्याचे संदेशात सांगावे, नाहीतर सभेचे रेकॉर्डिंग “फिरवले” असा आरोप व्हायला वेळ लागत नाही. कीर्तनाच्या किंवा भजनाच्या रेकॉर्डिंगलाही हीच रीत लागू पडते, कारण पेटी किंवा तंबोरा सतत चालू असल्याने शांतता अशी नसतेच. तेथे काप अभंग संपून गजर सुरू होण्याच्या जागी घ्यावा.

आज्ञा टाइप करणे जमत नाही. दुसरा मार्ग आहे का?

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फाईल उघडली की आवाजाची लाट पडद्यावर दिसते आणि विराम सपाट रेषेसारखा दिसतो. आधी भागाकार करून पट्टा ठरवावा, त्या पट्ट्यातील सपाट जागा ऐकाव्यात. भाग सुरू होतो तेथे क्लिक करून `Ctrl+B` दाबावे, म्हणजे लेबल पडते, आणि त्याला “भाग १” असे नाव द्यावे. पहिले लेबल फाईलच्या अगदी सुरुवातीला टाकायला विसरू नये. नंतर `Export Audio` मध्ये `Multiple Files` निवडले की लेबलांनुसार वेगवेगळ्या फाईली तयार होतात.

यात एक फरक आहे. ऑडॅसिटी निर्यात करताना आवाज पुन्हा आवळते. म्हणून येथे मूळ फाईलच उघडावी आणि मोनो व ६४ केबीपीएस निर्यातीच्या वेळीच निवडावे, म्हणजे आवळणे एकदाच होते.

एखादा भाग हिशेबापेक्षा मोठा निघाला. असे का झाले?

बहुधा फाईलचा बिटरेट बदलता असतो. अशा फाईलमध्ये सलग बोलण्याला जास्त बाइट लागतात आणि विरामांना कमी, त्यामुळे सेकंदांवरून आकार काढता येत नाही. टाळ्या आणि हशा असलेला भागही जड निघतो. वर दिलेल्या आज्ञेने बिटरेट स्थिर होतो, म्हणून हिशेब जुळतो. बदलत्या बिटरेटचीच फाईल ठेवायची असेल, तर काप घेतल्यावर प्रत्येक भागाचा आकार पाहावा आणि जो जड असेल त्याचा काप अलीकडच्या विरामावर सरकवावा.

`-fs` या पर्यायाने आकार ठरवून फाईल थांबवता येते, हे खरे आहे. परंतु तो बाइट मोजून थांबतो आणि त्याला वाक्याशी काही घेणे नसते, त्यामुळे या कामासाठी तो निरुपयोगी आहे.

झिपचे तुकडे करून पाठवले तर?

सर्व तुकडे उतरवून जोडल्याशिवाय त्यातील काहीच ऐकता येत नाही. कट्ट्यावर कोणीही ते करणार नाही.

हीच रीत व्हिडिओला चालते का?

विराम शोधण्यापर्यंत चालते, काप घेताना अडते. व्हिडिओमध्ये `-c copy` ने काप फक्त मुख्य चित्रचौकटीवर पडतो आणि अशा दोन चौकटींमध्ये काही सेकंदांचे अंतर असू शकते. आपण काळजीपूर्वक निवडलेला विराम मागे राहतो आणि काप पुढच्या वाक्यात पडतो. अचूक जागी कापायचे तर व्हिडिओ पुन्हा आवळावा लागतो, त्याला वेळ लागतो. फळ्यावरचे काही दाखवायचे नसेल, तर मी व्हिडिओतील आवाज वेगळा काढून तोच पाठवतो.

गटावर भाग उलटसुलट क्रमाने दिसतात. काय करावे?

सर्व फाईली एकदम निवडून पाठवू नयेत. एक भाग गेल्याची खूण दिसल्यावर पुढचा पाठवावा. फाईलच्या नावावर विसंबूही नये, कारण अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप ऑडिओला `AUD-` ने सुरू होणारे स्वतःचे नाव देते आणि आपण दिलेले `bhag-2` हरवते. प्रत्येक भागाच्या आधी “भाग २, एकूण ३, तळ्यांपासून पुढे, २८ मिनिटे ३८ सेकंद” असा एक ओळीचा संदेश टाकला, तर कोणता भाग कुठून सुरू होतो हे कोणालाही विचारावे लागत नाही, आणि एखादा भाग उतरताना अर्धवट राहिला तर लांबी जुळत नाही म्हणून तेही लगेच लक्षात येते.